लॉक-इनमध्ये घर सोडले तर डिपॉझिट कोणाचे?

मुंबईत शाळांच्या परीक्षा संपल्या की भाड्याच्या घरांची हलवाहलव सुरू होते आणि तिच्याबरोबर एक ठरलेला वादही. करारात लॉक-इन, म्हणजे करार मोडायचा नाही असा ठरलेला काळ, असतो; तो संपण्याआधी घर सोडणाऱ्या भाडेकरूचे डिपॉझिट मालकाने ठेवून घ्यायचे की परत द्यायचे? सोसायटीच्या ऑफिसात, ब्रोकरच्या गाळ्यात, लोकलच्या ग्रुपमध्ये या प्रश्नाची दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, सही केली आहे ना, मग लॉक-इनचे उरलेले सगळे महिने भर. दुसरा म्हणतो, लॉक-इन बिक-इन काही नसते, कोर्टात ते टिकत नाही, महिन्याची नोटीस दे आणि चालू लाग. दोन्ही उत्तरे चूक आहेत, आणि ती इतक्या ठामपणे दिली जातात की ज्याचे पैसे खरोखर अडकले आहेत त्याला आपला हक्क नेमका किती, हे कळतच नाही. माझे म्हणणे असे आहे: लॉक-इनचे कलम वैध आहे आणि ते मोडणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे. पण कलमात लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते; प्रत्यक्षात किती द्यायचे हे समोरच्याचे खरे नुकसान ठरवते. मालकाने मुदतीआधी घर मागितले, तर हाच हिशेब उलट्या बाजूनेही लागला पाहिजे.

आधी कराराचा कागद पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला असतो. मुंबईतल्या बहुतेक लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरण्याच्या परवान्याच्या, करारांत करार रद्द करण्याविषयी एक लांबलचक वाक्य असते. त्याचा आशय साधारण असा: लॉक-इनची अट असल्यास तिला अधीन राहून, भाडेकरूने भाडे थकवले किंवा अटी मोडल्या, किंवा लिव्ह अँड लायसन्सवर बंदी घालणारा कायदा आला, तर मालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन परवाना रद्द करू शकेल, भाडेकरूही एक महिन्याची नोटीस देऊन जागा सोडू शकेल. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा दोघांनाही आहे. लॉक-इन तो काही महिने बंद ठेवते, एवढेच. लॉक-इन मोडले तर काय, हे सांगणारे वाक्य बहुधा वेगळे जोडलेले असते आणि ते एकाच बाजूला पाहते: भाडेकरू गेला तर उरलेल्या महिन्यांचे भाडे त्याने द्यावे. मालकाने मोडले तर? तिथे पुष्कळदा कागद कोरा असतो.

आता कायदा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कलम ७३ आणि ७४ मध्ये आहे. करार मोडल्यास द्यायची रक्कम करारातच लिहिलेली असेल, तर कलम ७४ म्हणते की पीडित पक्षाला वाजवी भरपाई मिळेल, पण त्या लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. लिहिलेली रक्कम जशीच्या तशी मिळेल, असे ते म्हणत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात दंडाची रक्कम आणि आधीच अंदाजलेली भरपाई असे दोन कप्पे होते. आपल्या कायद्याने तो भेद मुद्दाम पुसला आणि दोन्हींना वाजवीपणाची एकच चाळणी लावली. १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. घराच्या विक्रीचा व्यवहार मोडला म्हणून विकणाऱ्याला खरेदीदाराचे २५ हजार रुपये ठेवून घ्यायचे होते. न्यायालयाने त्यातले बयाण्याचे एक हजार तेवढे जप्त करू दिले. बाकीच्या २४ हजारांसाठी नुकसान दाखवा, म्हटले, आणि ते दाखवता आले नव्हते. आधीच हातात घेतलेल्या पैशालाही कलम ७४ लागू होते, हा त्या निकालाचा मुंबईतल्या डिपॉझिटच्या वादाला थेट भिडणारा भाग आहे.

याहून बोलके उदाहरण २०१५ चे, कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. १९८२ मध्ये एका भूखंडासाठी ३.१२ कोटींची बोली लागली आणि बोली लावणाऱ्याने पाव रक्कम, म्हणजे ७८ लाख, भरली. पुढे व्यवहार रखडला, प्राधिकरणाने तो रद्द केला, ७८ लाख जप्त केले आणि १९९४ मध्ये तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, नुकसान कुठे झाले? मुळात करार बोली लावणाऱ्याने मोडलेलाच नव्हता, असाही निष्कर्ष त्या निकालात आहे. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. नुकसानच झाले नसेल तर कलम ७४ खाली भरपाई नाही, हे त्याने स्वतंत्रपणे सांगितले. आता भूखंडाच्या जागी मुलुंडमधला वन बीएचके ठेवा. भाडेकरू लॉक-इनमध्ये गेला, पंधरा दिवसांत दुसरा आला आणि तो जास्त भाडे देतो आहे. पहिल्याचे सगळे डिपॉझिट मालक कशाच्या जोरावर ठेवणार?

एक हिशेब सविस्तर मांडतो, कारण या वादात आकडे कोणीच मांडत नाही. समजा भाडे ४२ हजार, डिपॉझिट दीड लाख, मुदत २४ महिने, त्यातले पहिले १२ लॉक-इन. सात महिने झाल्यावर भाडेकरूची बदली बंगळुरूला झाली आणि त्याने घर सोडले. लॉक-इनचे पाच महिने उरले, म्हणजे कलमाप्रमाणे मागणी २ लाख १० हजारांची. मालक दीड लाखाचे डिपॉझिट ठेवून घेतो आणि वर ६० हजार मागतो. इकडे घर दीड महिना रिकामे राहते आणि नवा भाडेकरू ४४ हजारांवर येतो. मालकाचे खरे नुकसान किती? रिकाम्या दीड महिन्याचे ६३ हजार. त्यातून लॉक-इनच्या उरलेल्या साडेतीन महिन्यांत दरमहा दोन हजार जास्त मिळाले, ते ७ हजार वजा. मालकाने सुरुवातीला एक महिन्याचे भाडे ब्रोकरेज म्हणून दिले होते. ते किमान १२ महिन्यांच्या खात्रीसाठी होते असे धरले, तर पाच महिन्यांचा वाया गेलेला हिस्सा १७,५०० होतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ३,६०० च्या आसपास खर्च मालकानेच केला असेल, तर त्यातला वाया गेलेला हिस्सा दीड हजार. बेरीज ७५ हजार. म्हणजे दीड लाखातले ७५ हजार मालकाचे आणि ७५ हजार भाडेकरूचे. ‘सगळे भर’ म्हणणारा २ लाख १० हजार मागत होता, ‘लॉक-इन नसतेच’ म्हणणारा शून्य देत होता. आकडे बदलले की उत्तर बदलेल: घर पाचही महिने रिकामे राहिले आणि मालकाने खरोखर प्रयत्न केले असतील, तर पूर्ण २ लाख १० हजारही वाजवी ठरू शकतात. त्यापलीकडे मात्र कलम ७४ त्याला जाऊ देत नाही.

मालकांच्या बाजूचे सगळ्यात भक्कम म्हणणे मला मान्य करायचे आहे, कारण ते पोकळ नाही. कलम ७४ मध्येच ‘प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो’ असे शब्द आहेत. २००३ मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांवर जोर दिला आणि प्रामाणिकपणे आधी अंदाजलेली रक्कम उगाच कमी करू नये असे सांगितले. मग मालकाने पैन् पैचा हिशेब का द्यावा? शिवाय लॉक-इन फुकट मिळालेले नसते. खात्रीच्या वर्षासाठी मालकाने भाडे थोडे कमी केलेले असते, त्यावर हप्त्याचे गणित बसवलेले असते, आणि ऐन पावसाळ्यात रिकामे झालेले घर मे महिन्याच्या वेगाने भरत नाही.

पण त्या शब्दांचा अर्थ कैलाश नाथ निकालात पुढे स्पष्ट झाला आहे. नुकसान मोजणे अवघड किंवा अशक्य असेल तिथे आधी अंदाजलेली रक्कम देता येते. जिथे ते सिद्ध करता येते तिथे सिद्ध करण्यापासून सूट नाही. सॉ पाइप्सच्या खटल्यातल्यासारखे तेलाच्या विहिरीला लागणारे पाइप उशिरा आले तर उत्पादनाचे किती नुकसान झाले, हे सांगणे खरेच कठीण. गोरेगावातला फ्लॅट किती दिवस रिकामा राहिला, हे सांगणे कठीण आहे का? सोसायटीचे रजिस्टर, नव्या कराराची तारीख आणि वीजबिल एवढ्यावर ते शाळकरी मुलगाही सांगेल. शिवाय लॉक-इनच्या दुसऱ्या दिवशी गेलेला आणि शेवटच्या महिन्यात गेलेला, दोघांचेही सगळे डिपॉझिट जप्त करणारे कलम असेल, तर त्याला प्रामाणिक अंदाज कसे म्हणायचे?

काही जण आणखी एक बारीक युक्तिवाद करतात. ते म्हणतात, ही भरपाई नाहीच, बारा महिन्यांच्या वापराची ही ठरलेली किंमत आहे. वापर करा किंवा नका करू, पैसे द्या. ऐकायला हे चोख वाटते. पण लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूच्या हातात नेमके काय येते? फक्त वापरण्याची परवानगी. जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही आणि ही परवानगी दुसऱ्याला देताही येत नाही. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्याचे कलम ५२ आणि ५६ हेच सांगतात आणि करारातही पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते. म्हणजे बंगळुरूला गेलेला माणूस ते घर भरून आपले नुकसान कमी करूच शकत नाही. रिकामी जागा भरू शकेल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे मालक. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की नुकसान मोजताना ते कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते विचारात घ्यावेत. ज्याच्या एकट्याच्या हातात उपाय आहे त्याने तो न करता पूर्ण भाडे मागावे, किंवा उपाय करून एकाच महिन्याचे भाडे दोघांकडून घ्यावे, हे या स्पष्टीकरणात कुठे बसते?

मालकांच्या कडकपणामागे मुंबईचा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय हा वाद संपणार नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने कितीतरी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सची वाट धरली. मग १९७३ मध्ये कायद्यात कलम १५अ आले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. अकरा महिन्यांसाठी दिलेले घर पिढ्यान् पिढ्यांसाठी गेले. ‘लिव्ह अँड लायसन्सवर बंदी घालणारा कायदा आला तर’ हे शब्द करारात आजही दिसतात, तो मला त्याच धसक्याचा अवशेष वाटतो. पण त्या भीतीला उत्तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दिले आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहत्या घराच्या लायसन्सची मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई घेऊ शकतो. १९७३ ची भीती माणूस जाणार नाही ही होती. तो लवकर गेला म्हणून त्याचे डिपॉझिट जप्त करण्याला त्या इतिहासाचा आधार कसा मिळेल?

भाडेकरूंच्या बाजूनेही बऱ्याच चुकीच्या समजुती पसरल्या आहेत. बदली झाली, नोकरी गेली, लग्न ठरले, म्हणून करार आपोआप सुटत नाही. करार कायद्याचे कलम ५६ पालन अशक्य होण्याविषयी आहे. आपल्याला ते महाग किंवा गैरसोयीचे झाले, एवढ्याने ते लागू होत नाही. बदली होण्याची शक्यता असेल तर सही करण्यापूर्वी ती अट करारात घालून घ्यावी, नंतर मालकाच्या माणुसकीला हाक मारणे हा कायदा नव्हे. तीच गोष्ट शेवटचे तीन-चार महिने भाडे थांबवून ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणण्याची. तसे केले की करार मोडणारा आपणच होतो आणि पुढच्या प्रत्येक बोलण्यात आपली बाजू लंगडी पडते. आणि लॉक-इनमध्ये दिलेली नोटीस चालते का, यावरही वाद होतात. बारा महिन्यांचे लॉक-इन आणि नंतर एक महिन्याची नोटीस, याचा अर्थ बाराव्या महिन्याअखेर जाता येते की तेराव्या? कागदात लिहिले नसेल तर दोन्ही अर्थ काढता येतात. एका ओळीने टळणारे हे भांडण आहे.

आता उलटी बाजू, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मालकाला चांगले गिऱ्हाईक मिळाले आणि पाचव्या महिन्यात त्याने घर विकायला काढले. भाडेकरूचे लॉक-इन चालू आहे, मूल जवळच्या शाळेत आहे. त्याला वाटते, करार नोंदवलेला आहे, नवा मालकही बांधील आहे. तो बांधील नाही. ईझमेंट्स कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे जागा हस्तांतरित झाली की घेणाऱ्यावर जुना परवाना केवळ त्या नात्याने बंधनकारक राहत नाही. नोंदणीमुळे करार सिद्ध होतो, पण त्यामुळे परवान्याचा भाडेपट्टा होत नाही. मग भाडेकरूकडे उरते काय? कलम ६३ प्रमाणे सामान हलवून बाहेर पडायला वाजवी वेळ, आणि कलम ६४ प्रमाणे भरपाई: मोबदला देऊन परवाना घेतलेल्या माणसाला त्याची चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर तो परवाना देणाऱ्याकडून भरपाई वसूल करू शकतो. इथे हिशेब मघासारखाच करायचा. नवे ब्रोकरेज, टेम्पो आणि हमालीचा खर्च, त्याच भागात तशाच घराला जास्त भाडे पडत असेल तर उरलेल्या खात्रीच्या महिन्यांचा फरक. मालकाने डिपॉझिट परत केले म्हणजे फिटंफाट झाली असे मानण्याची पद्धत पडली आहे. डिपॉझिट तर भाडेकरूचेच होते. ते परत करणे ही भरपाई कशी?

प्रत्यक्षात हा कायदा भाडेकरूपर्यंत पोचत नाही, याचे कारण पैसे मालकाच्या हातात असतात. ७५ हजारांसाठी बंगळुरूहून येऊन मुंबईत दावा कोण चालवणार? म्हणून जाणाऱ्याने आपला हिशेब जाण्यापूर्वीच पक्का करावा. नोटीस ईमेलने आणि तारीख घालून द्यावी. त्यातच लिहावे की अमुक दिवशी रिकामे घर ताब्यात देत आहे आणि नवा भाडेकरू शोधण्यासाठी घर दाखवायला माझी हरकत नाही. काही मालक चावीच घेत नाहीत, म्हणजे भाडे चालू राहिल्यासारखे दिसते. अशा वेळी चावी देऊ केल्याचा लेखी पुरावा, रिकाम्या खोल्यांचे फोटो आणि मीटरचे रीडिंग हे नंतरच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडते. ब्रोकरने आणलेल्या लोकांना मालकाने जास्त भाडे मागून परत पाठवले असेल, तर ते मेसेज जपून ठेवावेत. घर रिकामे राहिले ते जाणाऱ्यामुळे की भाव वाढवल्यामुळे, हे त्यातूनच कळते. मालकानेही तेवढीच काळजी घ्यावी: जाहिरातीची तारीख, घर पाहायला आलेल्यांच्या नोंदी, नवा करार. ज्याच्याकडे हे आहे त्याची पूर्ण लॉक-इनची मागणीसुद्धा उभी राहू शकते.

यापेक्षा सोपे म्हणजे कलमच नीट लिहिणे. भाडेकरू लॉक-इनमध्ये गेला, तर नवा भाडेकरू येईपर्यंतचे भाडे, जास्तीत जास्त दोन महिने किंवा उरलेले लॉक-इन यांपैकी जे कमी असेल ते, आणि ब्रोकरेजचा उरलेल्या महिन्यांचा हिस्सा. मालकाने लॉक-इनमध्ये घर मागितले, तर तेवढेच महिने भाड्याइतकी रक्कम आणि भाडेकरूचे ब्रोकरेज. डिपॉझिटमधून हीच रक्कम कापायची, बाकीचे चावी देताना त्याच दिवशी परत. ब्रोकर सांगतील, मालक ऐकणार नाहीत. कडक बाजारात काही ऐकणारही नाहीत. पण दोन महिन्यांची निश्चित, भांडणाविना हातात येणारी रक्कम ही कोर्टात कापली जाऊ शकणाऱ्या पाच महिन्यांच्या मागणीपेक्षा मालकाच्याही सोयीची आहे. नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचे मशीन घेऊन घरी येतो, तेव्हा दोन्ही पक्ष समोरासमोर बसलेले असतात आणि मसुदा उघडलेला असतो. तिथे नाव, भाडे आणि डिपॉझिटचा आकडा तपासून सगळे अंगठा लावतात. लॉक-इनच्या ओळीखाली या दोन ओळी टाकायला सांगण्याची वेळ तीच आहे.